पहिला माणूस कामावर घेताना

आमचं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान सातारा जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेच्या गावात आहे. सुरुवातीची वर्षं मी आणि सौ.नेच ते सांभाळलं. टिंटिंग मशीन आल्यावर मात्र काउंटरवर कायम एक माणूस लागू लागला. ओळखीतला एक मुलगा १६ जून २०२४ पासून रुजू झाला. त्याआधीचे काही दिवस आम्ही नवरा-बायकोने कागदावर घालवले.

सल्लागाराने पहिल्यांदा सांगितलं ते ऐकून धीर आला. पीएफची सक्ती वीस माणसांपासून, ग्रॅच्युइटी दहापासून, कामगार कल्याण निधी पाचपासून. दुकाने व आस्थापना कायदा २०१७ प्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असले की नोंदणी लागत नव्हती. ‘नमुना एफ’मध्ये व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची, ती आम्ही आधीच दिली होती. नेमणूकपत्राचीही आम्हाला सक्ती नव्हती, तरी ते लिहायचं ठरवलं.

पण किमान वेतनाला अशी सूट नाही, तिथे एक माणूसही पुरतो. दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी राज्यात तीन परिमंडळं आहेत आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगवेगळे दर. मूळ वेतनात विशेष भत्ता मिळवायचा, आणि हा भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. अनेक दुकानदार जुनाच आकडा धरून बसतात. जानेवारी आणि जुलैत नवा दर बघायलाच हवा. वाद नको म्हणून आम्ही कुशल कामगाराचा दर धरला आणि त्याच्या वर, महिना १६,९०० रुपये ठरवले.

मग सौ.ने विचारलं, “एक दिवस आला नाही तर किती कापायचे?” सगळं पत्र त्या प्रश्नातून उभं राहिलं. तीसने भागलं तर दिवसाचे ५६३ रुपये, सव्वीसने भागलं तर ६५०. खाडा कापताना सव्वीस आणि जादा काम मोजताना तीस, असं करणारी दुकानं मी पाहिली आहेत. तो अन्याय आहे. किमान वेतनाचा रोजचा दर सव्वीसनेच निघतो, म्हणून आम्ही दोन्हीकडे सव्वीस लिहिलं. आठ तासांनी तासाचे ८१ रुपये २५ पैसे होतात आणि जादा तासाचे दुप्पट, म्हणजे १६२ रुपये ५० पैसे. दिवाळीआधी रंगाच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत गिऱ्हाईक असतं, तेव्हा हेच वाक्य उपयोगी पडतं.

पत्र मराठीत, दीड पानाचं, दोन प्रतींत केलं आणि दोन्हींवर दोघांच्या सह्या घेतल्या. हुद्दा, रुजू होण्याची तारीख, कामाची वेळ, गुरुवारची सुट्टी, पगार आणि तो खात्यात जमा होण्याची तारीख, पगारी रजा, काम सोडताना दोन्ही बाजूंनी महिन्याची सूचना. उचलीचं कलम मी आग्रहाने घातलं: उचल दिली की त्याच दिवशी वहीत सही, आणि कपात महिन्याला १,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. आमच्याकडे कटकटी होतात त्या पगारावरून कमी, तोंडी दिलेल्या उचलीवरून जास्त. त्याची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली नाहीत. आधार आणि पासबुकाची प्रत पुरेशी आहे.

व्यवसाय कराची नोंदणी मात्र करावी लागली. मालकाचं नावनोंदणी प्रमाणपत्र वेगळं आणि पगारातून कर कापण्यासाठीचं नोंदणी प्रमाणपत्र वेगळं. दुसरं जबाबदारी सुरू झाल्यापासून तीस दिवसांत mahagst.gov.in वर काढायचं असतं. कर त्या महिन्याच्या प्रत्यक्ष पगारावर ठरतो. जूनमध्ये गुरुवार सोडून त्याचे १३ दिवस भरले, म्हणजे ८,४५० रुपये झाले. ७,५०१ ते १०,००० च्या टप्प्यात पुरुषाला १७५ रुपये कर, म्हणून हातात ८,२७५ आले. जुलैत पूर्ण पगार, त्यामुळे २०० कापून १६,७००. फेब्रुवारीत ३०० कापायचे, म्हणजे पूर्ण वर्षाचे २,५०० होतात. हे त्याला पहिल्याच पगाराच्या चिठ्ठीवर लिहून समजावलं, कारण दर महिन्याला वेगळा आकडा दिसला की माणसाला शंका येते आणि ती यायलाच हवी.

हजेरीवही, पगारपत्रक आणि उचलीची वही एवढंच आम्ही ठेवतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आणि काम सुटलं तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. आमच्या पत्रात हिशेबाला पंधरा दिवस होते, ते बदलून घेतलं. आता काउंटरला दुसरी व्यक्ती घ्यायची आहे, बहुधा गावातलीच एक ताई. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांच्या चिठ्ठीवर तो रकाना रिकामा राहील. बाकी पत्र तेच.