कलोसियमचं बॅकस्टेज

मी टूर मॅनेजर. रोममध्ये माहिती सांगायची ती परवानाधारक स्थानिक गाईडने. माझं काम माणसं मोजायचं. त्यामुळे कलोसियममध्ये शिरलो की माझी नजर आधी दारांवर जाते. त्या दिवशी ग्रुपमध्ये एक काका होते, आयुष्यभर नाटकांच्या बॅकस्टेजला राबलेले. इतिहासात त्यांना फारसा रस नव्हता. "आधी सांगा, एवढं पब्लिक बाहेर कसं काढायचे?"

मी त्यांना बाहेर, उत्तरेच्या बाजूला नेलं. तिथल्या कमानींवर रोमन आकडे अजून वाचता येतात: XXIII पासून LIIII पर्यंत. एकूण कमानी 80, त्यांपैकी 76 क्रमांकाच्या. आपल्या क्रमांकाच्या कमानीतून आत शिरायचं आणि ठरलेल्या जिन्याने ठरलेल्या भागात पोचायचं. खालचे मानकरी आणि वरच्या मजल्यावरची गर्दी एकमेकांच्या वाटेत येत नसे. काकांनी तिथेच हिशोब मांडला. प्रेक्षक 50,000 धरले तर एका कमानीला साडेसहाशेच्या आसपास. जिन्यावरून दोघे-दोघे उतरले आणि सेकंदाला एक जोडी बाहेर पडली, तर पाच-सहा मिनिटं; वरून चालत यायला लागेल तो वेळ वेगळा. "आमचं थिएटर रिकामं व्हायला याहून जास्त वेळ लागतो," असं म्हणून ते पुढे निघाले.

मैदानाखालच्या तळघराचं तिकीट वेगळं असतं. इसवी सन 80 मध्ये उद्घाटन झालं तेव्हा हे तळघर नव्हतं. ते सम्राट डोमिशियनच्या काळात बांधलं गेलं. दोन मजले, अरुंद बोळ. काका गुडघ्यावर बसले आणि फरशीतल्या एका गोल खड्ड्यावरून हात फिरवत म्हणाले, "इथे खांब फिरायचा." अगदी बरोबर. उसाच्या चरकासारखा उभा खांब, त्याला आडवे दांडे. माणसं दांडे ढकलायची, दोरखंड खांबावर गुंडाळला जायचा आणि भिंतींमधल्या खोबणीतून पिंजरा वर सरकायचा. वरचं लाकडी झाकण उघडलं की जनावर थेट वाळूवर. 2015 मध्ये अशा एका लिफ्टची लाकडी प्रतिकृती तिथे बसवली. ती चालवायला आठ माणसं लागतात आणि ती सुमारे 300 किलो उचलते, म्हणजे एक सिंह सहज.

मला लिफ्टचं कौतुक, तर काकांना वेगळीच काळजी. "दहा झाकणं एकदम उघडायची, तर खालच्या ऐंशी जणांनी एका दमात दांडे ढकलायला हवेत. तेही अंधारात, डोक्यावर पब्लिकचा गोंगाट असताना. इशारा कोण देणार?" गाईड नुसतीच हसली.

मग वर बघत त्यांनी विचारलं, "जमीन लाकडाची, लिफ्ट लाकडाच्या, माथ्यावरची बाकंही लाकडाची. आग लागली तर?"

आता गाईडने तोंड उघडलं. 217 साली वीज पडली, वरचा लाकडी भाग पेटला आणि आगीने खालच्या मैदानाचीही वाताहत केली. खेळ दुसऱ्या स्टेडियममध्ये हलवावे लागले. 222 मध्ये कलोसियम पुन्हा उघडलं, पण डागडुजी त्यानंतरही बरीच वर्षं चालूच राहिली.