प्रोबेशनमधली पहिली रजा: जर्मनीतल्या नव्या नोकरीत मेल कसा लिहायचा

जुळे सोलापूरचा माझा मावसभाऊ १ सप्टेंबरला इथे, जर्मनीत, नोकरीला लागला. डिसेंबरात त्याच्या धाकट्या बहिणीचं सोलापुरात लग्न आहे. त्याने मॅनेजरला पाठवायचा मजकूर आधी मला दाखवला आणि विचारलं, "ताई, असं लिहिलं तर चालतंय का?"

मजकूर आपल्याकडच्या अर्जासारखा होता. घरातला मोठा मुलगा मीच, वडिलांची तब्येत बरी नसते, सगळी जबाबदारी माझ्यावर, तरी कृपा करून रजा मंजूर व्हावी. शेवटी एक ओळ होती: "तिकिटं स्वस्त मिळत असल्याने मी बुकिंग करत आहे." मला काळजी वाटली ती या शेवटच्या ओळीची. बाकीचा मजकूर फक्त लांबला होता. ही ओळ मात्र वाचणाऱ्याला सांगते की निर्णय झालेला आहे, तुम्ही नुसती मान डोलवा.

इथे प्रोबेशन बहुतेक करारांत सहा महिन्यांचं असतं. त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस देऊन नोकरी संपवता येते, आणि कंपनीला कारण सांगावं लागत नाही. म्हणून नवीन माणूस रजेचं नाव काढायलाच घाबरतो. प्रोबेशनमध्ये रजा मिळतच नाही असा समज आपल्या मुलांमध्ये पक्का आहे, पण तो खरा नाही. वर्षाच्या रजेचा पूर्ण हक्क सहा महिन्यांनी लागू होतो. तोवर दर पूर्ण महिन्याला वार्षिक रजेचा बारावा भाग, असा हिशोब धरतात. भावाच्या करारात वर्षाला ३० दिवस आहेत, म्हणजे महिन्याला अडीच. नोव्हेंबरअखेर तीन महिने पूर्ण होतील तेव्हा साडेसात दिवस जमतील.

त्याला हवे होते दहा दिवस. आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. लग्न शुक्रवारी ११ डिसेंबरला. सोमवार ७ पासून मंगळवार १५ पर्यंत रजा घेतली तर कामाचे सातच दिवस जातात. आधीचा शनिवार-रविवार प्रवासाला मिळतो आणि तो बुधवारी १६ तारखेला कामावर हजर होऊ शकतो. जमलेल्या दिवसांत बसणारी मागणी असली की मॅनेजरला तुमच्यासाठी वेगळा नियम करावा लागत नाही. शिवाय या तारखा नाताळच्या आधी संपतात. कायद्याने कंपनीला कर्मचाऱ्याच्या इच्छेच्या तारखा विचारात घ्याव्या लागतात, पण कामाची तातडी असेल किंवा एखाद्या सहकाऱ्याची गरज जास्त असेल तर नकार देता येतो. शाळेला सुट्टी असते तेव्हा लहान मुलांचे आईबाप पुढे असतात, आणि ते योग्यच आहे.

मग मजकूर असा झाला. पाठवला अर्थातच ऑफिसच्या भाषेत, पण मांडणी हीच:

"माझ्या बहिणीचं ११ डिसेंबरला भारतात लग्न आहे. त्यासाठी मला ७ ते १५ डिसेंबर, कामाचे ७ दिवस, रजा घ्यायची इच्छा आहे. मी प्रोबेशनमध्ये आहे याची मला कल्पना आहे; माझ्या हिशोबाने नोव्हेंबरअखेर साडेसात दिवस जमा होतात, चुकत असेल तर सांगावं. माझ्याकडची चाचणीची कामं ४ तारखेपर्यंत पूर्ण करून सहकाऱ्याला समजावून देईन. या तारखा टीमला अडचणीच्या असतील तर ९ ते १५ एवढी रजाही मला पुरेल. तिकीट मी तुमच्या होकारानंतरच काढणार आहे, म्हणून या महिनाअखेरपर्यंत कळलं तर बरं होईल."

कारण एका ओळीत आलं. वडिलांची तब्येत काढून टाकली, कारण ती वाचून मॅनेजर अवघडतो आणि पुढे खरंच गरज पडली तेव्हा त्या शब्दाचं वजन उरत नाही. प्रोबेशनचा उल्लेख त्याने स्वतःच केला, त्यामुळे नियम माहीत असूनच विचारतोय हे दिसलं. सगळ्यात कामाची ओळ मला पर्यायाची वाटते. त्या ओळीमुळे सरळ नकार देण्याऐवजी तारखांवर बोलणं होतं. पण पर्याय खरा हवा. ९ तारखेला निघून हळदीला पोहोचता येणार नसेल तर तो लिहूच नये.

दहा दिवसच लागणार असते तर उरलेल्या तीन दिवसांसाठी वेगळं वाक्य लागलं असतं: हे दिवस बिनपगारी किंवा पुढच्या रजेतून आगाऊ मिळू शकतील का? जमलेल्या सात दिवसांत ते मिसळून लिहिलं की सगळीच मागणी अडकते.

हा मेल ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेला. त्याआधी त्याने मॅनेजरला भेटून दोन वाक्यांत कल्पना दिली होती, म्हणजे मेल अचानक समोर आला नाही. खरं तर लग्नाची तारीख करारावर सही करण्याआधीच ठरलेली असेल तर तेव्हाच सांगावी. ते सगळ्यात सोपं जातं.

तोंडी "हो, बघू" म्हणजे मंजुरी नव्हे. रजेच्या सिस्टीममध्ये मंजूर दिसेपर्यंत थांबा. एकदा मंजूर झालेली रजा कंपनीला सहसा एकतर्फी मागे घेता येत नाही. उलट, होकार नसताना निघून जाणं किंवा ऐनवेळी आजारी असल्याचं खोटं कळवणं यात नोकरी ताबडतोब जाऊ शकते, नोटिशीशिवायसुद्धा. घरच्यांनीही मंजुरी येईपर्यंत "तिकीट काढलंस का?" म्हणून मागे लागू नये. आला होकार, की मग हैदराबाद किंवा मुंबईचं विमान आणि तिथून सोलापूरची गाडी बघायला घ्यावी.