कोटीतला आकडा मिलियनच्या रकान्यात

महाप्यातल्या आमच्या कारखान्याची मूळ कंपनी परदेशातली. वर्षअखेरीला तिकडे एक तक्ता भरून पाठवावा लागतो. रकमा रुपयांतच, पण मिलियनमध्ये. आमचा ताळेबंद लाखांत.

यंदा तक्ता नव्या मुलाने भरला. विक्री ४,२७५.६० लाख, म्हणून त्याने लिहिलं ४२.७६. टक्केवारी बरोबर, बेरजा बरोबर. सगळेच आकडे एकाच पटीत चुकले होते, त्यामुळे एकही गुणोत्तर बोंबललं नाही. मीसुद्धा सही करणारच होते.

नजर पगाराच्या ओळीवर अडकली: ६.१२ मिलियन. म्हणजे एकसष्ट लाख वीस हजार. माणसं १८०. भागून पाहिलं तर माणशी वर्षाला चौतीस हजार, महिन्याला तीन हजारसुद्धा नाहीत!

"अरे, एवढ्यात आपला शिपाई तरी येईल का?"

"मॅडम, मी लाखाला शंभराने भागलं."

तिथेच घोळ होता. लाखाला शंभराने भागलं की कोटी होतात. मिलियन म्हणजे दहा लाख, म्हणून भागायचं दहाने. विक्री ४२७.५६ मिलियन, पगार ६१.२. कोटी हाताशी असतील तर दहाने गुणायचं. अब्जाचे बिलियन करायला काहीच करावं लागत नाही. हिंदीवाले ज्याला अरब म्हणतात तोच हा शंभर कोटींचा आकडा, आणि तोच बिलियन. (जर्मन माणसाशी बोलताना मात्र जपून, त्याचा बिलियन हजारपट मोठा असतो.)

स्वल्पविरामांची भानगड वेगळीच. एकच फाइल माझ्या संगणकावर 42,75,60,000 दाखवत होती आणि त्याच्या लॅपटॉपवर 427,560,000. एक्सेल स्वल्पविराम विंडोजच्या रीजन सेटिंगवरून ठरवतं आणि त्याचं सेटिंग अमेरिकेचं होतं. मधल्या गटात दोन अंक दिसले तर आपली पद्धत, तीन दिसले तर त्यांची. सेटिंग बदलता येत नसेल तेव्हा मी सेलला हा फॉरमॅट देते:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

यात दोनच अटी बसतात, म्हणून उणे रकमा तिसऱ्या भागात जातात आणि साडेबारा लाखांचा तोटा त्याच्या लॅपटॉपवर -1,250,000 असाच उमटतो. अब्जाच्या पुढे सगळ्यात डावीकडचा स्वल्पविरामही पडत नाही, 125,00,00,000 असं दिसतं.

तक्ता दुपारी पुन्हा भरला. सोबतच्या पत्रात विक्री दोन्ही पद्धतींनी लिहिली: ₹४२,७५,६०,०००, म्हणजे ४२.७६ कोटी रुपये, म्हणजे ४२७.५६ मिलियन रुपये. नुसतं 'एम' लिहू दिलं नाही, कारण काही जण त्याचा अर्थ हजार असाही घेतात. आता तक्त्याच्या खाली, छपाईत न येणाऱ्या जागी, माणशी मासिक पगाराची एक ओळ आहे. तिथे २८,३३३ दिसल्यावरच मी सही केली.