आकाशातले पट्टे आणि ८-बिट लॉगचा हिशेब

गेल्या वैशाखात वडोदऱ्यातील दांडिया बाजारात राहणाऱ्या एका कुटुंबाच्या नातवाची मुंज मी चित्रित केली. फिल्मची सुरुवात सूरसागर तलावावरील संध्याकाळने करायची, असे ठरले होते. पाण्यात उभ्या महादेवाच्या मूर्तीची काळसर आकृती आणि तिच्यामागे केशरीपासून राखाडी निळ्यापर्यंत हळूहळू उतरत जाणारे मोकळे आकाश. फिल्म दिल्यानंतर दोनच दिवसांनी मुंजीच्या मुलाच्या आजोबांचा फोन आला. “फिल्म उत्तम झाली आहे, पण पहिल्याच दृश्यात आकाशाला जिन्याच्या पायऱ्या असल्यासारख्या दिसतात. आमचा टीव्ही जुना झाला का हो?” टीव्ही जुना झाला नव्हता. मी माझ्या मोठ्या पडद्यावर दृश्य लावले, तेव्हा क्षितिजापासून वरपर्यंत आडवे पट्टे स्पष्ट दिसत होते, आणि काही पट्टे किंचित गुलाबी तर काही किंचित हिरवट होते. लहान लॅपटॉपवर काम करताना मला ते दिसले नव्हते, हे कबूल करायला हवे.

पहिला संशय एक्स्पोर्टवर गेला, कारण फाइल लहान करताना दाब जास्त झाला की आकाश फाटते, हे आमच्या धंद्यात सर्वांना पाठ असते. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला मिळणारी माहिती, तिप्पट करून फिल्म पुन्हा काढली. फाइल तिप्पट झाली आणि पट्टे आधी ज्या ओळीवर होते, त्याच ओळीवर राहिले. ही खूण तेव्हाच ओळखायला हवी होती. कमी बिटरेटमुळे येणारे पट्टे चौकटीचौकटीचे असतात आणि फ्रेमगणिक थोडे हलतात, श्वास घेतल्यासारखे. माझे पट्टे स्थिर होते, म्हणजे दोष मूळ फाइलमध्ये किंवा माझ्या रंगकामात होता.

दृश्य मी सोनीच्या एस-लॉग३ या वक्रावर घेतले होते. असे चित्र कॅमेऱ्यातून बाहेर येते तेव्हा धुरकट आणि फिकट असते, कारण उजेडापासून सावलीपर्यंतची सारी व्याप्ती त्या वक्राने मोजक्या आकड्यांत दाबून बसवलेली असते. ती पुन्हा नेहमीच्या टीव्हीच्या रेक. ७०९ या मापात ताणून आणण्यासाठी लुकअप टेबल वापरतात. त्याला आमच्यात ‘लट’ म्हणतात. केसांच्या बटेशी तिचा काही संबंध नाही. लट बंद केली की पट्टे जवळजवळ दिसेनासे होत आणि चालू केली की लगेच उमटत, त्यामुळे माझा दुसरा संशय लटवर गेला. ती फाइल मी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. आरंभी `LUT_3D_SIZE 33` अशी ओळ होती आणि खाली प्रत्येक ओळीत तीन दशांश आकडे, अशा ३३ × ३३ × ३३ म्हणजे ३५,९३७ ओळी. प्रत्येक रंगासाठी केवळ ३३ खुणा असल्यामुळे पायऱ्या पडत असतील असे वाटून मी ६५ खुणांची लट लावून पाहिली. फरक शून्य. शांतपणे विचार केला असता तर हेही आधीच कळले असते, कारण दोन खुणांमधले मूल्य सॉफ्टवेअर अंतराच्या प्रमाणात काढते. त्याने उताराचा बाक थोडा चुकू शकतो, पण सलग उताराचा जिना होत नाही.

खरी गोष्ट वेव्हफॉर्मने, म्हणजे चित्रातला उजेड उंचीनुसार मांडणाऱ्या आलेखाने सांगितली. लट लावलेल्या आकाशाचा वेव्हफॉर्म ढगासारखा भरलेला असायला हवा होता, तो आखीव वहीच्या पानासारखा दिसत होता: आडवी रेघ, मग रिकामी जागा, पुन्हा रेघ. मग फाइलचा प्रकार तपासला.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=pix_fmt -of csv=p=0 sursagar.mp4
```

उत्तर आले `yuv420p`, म्हणजे ८-बिट. १०-बिट फाइल असती तर या नावात `10le` अशी अक्षरे आली असती. माझा जुना कॅमेरा लॉग ८-बिटमध्येच नोंदवतो, हे मला माहीत होते. त्याचा अर्थ काय होतो, हे मात्र मी कधी आकडे मांडून पाहिले नव्हते. त्या रात्री कागद घेऊन बसलो.

एस-लॉग३ चे सूत्र प्रसिद्ध आहे. १०-बिटच्या १,०२४ आकड्यांपैकी मध्यम करडा रंग ४२० वर बसतो आणि त्याच्या वरच्या भागात प्रकाश दुप्पट झाला, म्हणजे एक स्टॉप वाढला, की आकडा सुमारे ७९ ने वाढतो. ८-बिटमध्ये एकूण आकडेच २५६, म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून त्याच एका स्टॉपला सुमारे २० पायऱ्या मिळतात. माझ्या चित्रात आकाशाने वरून खाली सुमारे १,३०० ओळी व्यापल्या होत्या आणि तेवढ्यात उजेड साधारण एका स्टॉपने उतरत होता. १,३०० ओळींना २० पायऱ्या, म्हणजे प्रत्येक पायरी ६५ ओळींची पट्टी. १०-बिटमध्ये तीच पायरी सोळा-सतरा ओळींची झाली असती.

आता लट काय करते ते पाहा. रेक. ७०९ मध्ये मध्यम करड्याच्या वरचा एक स्टॉप ८-बिटच्या सुमारे ४० आकड्यांत पसरतो. मूळ फाइलमध्ये २० च पायऱ्या आहेत आणि त्यांना ४० जागांवर बसायचे आहे, त्यामुळे एकाआड एक जागा रिकामी राहते आणि प्रत्येक उडी दोन आकड्यांची होते. वेव्हफॉर्ममधल्या रिकाम्या रेघा त्या ह्याच, आणि वरून मी कॉन्ट्रास्ट वाढवून उडी आणखी मोठी केली होती. १०-बिटमध्ये ७९ पायऱ्या ४० जागांवर उतरतात, प्रत्येक जागेच्या वाट्याला दोन येतात आणि रिकामी जागा उरतच नाही. ‘शेवटी फोनवर आणि टीव्हीवर ८-बिटच दिसते, मग १०-बिट कशाला?’ असे मी आजवर म्हणत आलो होतो, त्याचे उत्तर एवढेच आहे: ताण ८-बिटमध्ये उतरण्याच्या आधी पडतो. पट्टे गुलाबी-हिरवट का होते, हेही त्याच कागदावर सुटले. तांबडा, हिरवा आणि निळा हे तिन्ही आपापल्या पायऱ्या वेगवेगळ्या ओळींवर उतरतात, त्यामुळे मधल्या पट्टीत एक रंग पुढे जातो आणि दुसरा मागे राहतो.

यानंतर मी एक चूक केली, जी अनेकजण करत असतील. मूळ फाइल १०-बिटच्या एडिटिंग कोडेकमध्ये रूपांतरित केली आणि पुन्हा लट लावली. वेव्हफॉर्म तसाच रेघांचा. रूपांतराने १०५ चे ४२० आणि १०६ चे ४२४ झाले. मधले ४२१, ४२२ आणि ४२३ कॅमेऱ्याने कधी नोंदवलेच नव्हते, ते येणार कुठून?

सुदैवाने त्या संध्याकाळी माझ्यासोबत चित्रीकरण करणारा मिलिंद त्याचा नवा कॅमेरा घेऊन माझ्या शेजारीच उभा होता. त्याच्याकडे एस-लॉग३ मध्येच, पण १०-बिट ४:२:२ मध्ये घेतलेली त्याच दृश्याची क्लिप होती. ती मागवली, तीच ३३ खुणांची लट आणि तोच कॉन्ट्रास्ट लावला. आकाश सलग उतरले.

मात्र त्याची क्लिप लटखाली टाकताच चित्राचा वरचा भाग पांढरा पडला होता. मिलिंद सावल्यांतला दाणा, म्हणजे चित्रातली खरखर टाळण्यासाठी दीड स्टॉप जास्त उजेड घेतो आणि लट सामान्य एक्स्पोजर गृहीत धरून बनवलेली असते. लटच्या नंतरच्या नोडवर, म्हणजे रंगकामाच्या पुढल्या टप्प्यावर उजेड कमी करून पाहिला तर पांढरे नुसते करडे झाले, तपशील आला नाही, कारण लटने तो आधीच टोकाला चिकटवून टाकला होता. लटच्या आधीच्या नोडवर ऑफसेट खाली आणल्यावर मात्र ढगांच्या कडा परत दिसू लागल्या. लॉगमध्ये एक स्टॉप म्हणजे ठरावीक बेरीज-वजाबाकी, पूर्ण मापाच्या जवळपास ०.०७७, म्हणून दीड स्टॉपसाठी सुमारे ०.११५ वजा करणे पुरले. अगदी गडद सावल्यांत हे गणित तंतोतंत चालत नाही, तिथे डोळ्यानेच जुळवावे लागते. सूर्याची थाळी मात्र दोन्ही क्लिपमध्ये सपाट पांढरीच राहिली. १०-बिट पायऱ्या बारीक करते, जिना उंच करत नाही. सेन्सरवर जे जळाले ते जळाले.

माझ्या ८-बिट क्लिपला वाचवण्याचे दोन उपाय केले. एक म्हणजे आकाशापुरता कॉन्ट्रास्ट कमी केला. दुसरा म्हणजे लटच्या नंतर, अगदी शेवटच्या नोडवर बारीक दाणा मिसळला. दाण्यामुळे पट्टीची कड विस्कटते आणि डोळा तिला धरू शकत नाही. सेन्सरचा स्वतःचा दाणाही हेच काम करत असतो. म्हणूनच जिथे चित्र खरखरीत असते, तिथे ८-बिट लॉगसुद्धा बरेच निभावून नेते आणि नॉइज काढणारे फिल्टर लावले की अचानक पट्टे उघडे पडतात. मोकळ्या आकाशात कॅमेऱ्याचे कॉम्प्रेशन तो दाणा आधीच पुसून टाकते, म्हणून तिथे घाव बसतो. टीव्हीवर या उपायाने काम भागले. पण तीच फाइल मी मेसेजवरून माझ्या बहिणीला पाठवली तेव्हा दाबामुळे दाणा गेला आणि पट्टे परत आले.

आकाशाखेरीज हा दोष आणखी एका ठिकाणी सापडला, तो म्हणजे बटूच्या चेहऱ्यावर. मातृभोजनाच्या वेळी खिडकीचा उजेड एका गालावर होता आणि दुसरा गाल सावलीत हळूहळू उतरत होता. लट आणि थोडी रंगवाढ केल्यावर त्या उतारावर हळदीच्या डागांसारखे पिवळे-तांबूस ठिगळ दिसू लागले. इथे मिलिंदची क्लिप नव्हती, म्हणून रंगवाढ काढून टाकली आणि चेहरा थोडा फिका राहू दिला.

जुना कॅमेरा मी विकलेला नाही. आता त्यावर लॉग लावत नाही. टीव्हीच्या मापाच्या जवळचा सौम्य पिक्चर प्रोफाइल लावतो, कारण तिथे व्याप्ती कमी असल्याने मधल्या प्रत्येक स्टॉपला जास्त आकडे मिळतात आणि नंतर फारसे ताणावे लागत नाही. त्याची किंमत म्हणून उजळ आकाश लवकर पांढरे होते, तेव्हा उजेड जागेवरच सांभाळावा लागतो. आजोबांना दिलेल्या दुसऱ्या प्रतीत सूरसागरचे आकाश मिलिंदच्या क्लिपमधले आहे. माझ्या क्लिपमधून फक्त महादेवाच्या हाताजवळची दोन सेकंदांची चौकट घेतली, जिच्यात आकाश जवळजवळ नाहीच.