पावतीवर 590, प्रत्यक्षात साडेसहा हजार

मुलगी जर्मनीत शिकायला गेली आणि पहिल्या सहामाहीत मी तिला 1500 युरो पाठवले. आमच्या बँकेच्या कॉलेज रोडच्या शाखेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरला, उद्देशाचा कोड शिक्षणाचा म्हणजे S0305 टाकला. पावतीवर शुल्क 500 आणि त्यावर जीएसटी 90. एवढ्यात काम झालं म्हणून मी खूश.

पाठवले शुक्रवारी दुपारी. त्या दिवशीची वेळ टळून गेली होती, त्यामुळे पैसे निघाले सोमवारी, तेही सोमवारच्या दराने. पोहोचले बुधवारी. तिकडे घरभाडं महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत भरावं लागतं. त्यामुळे ते तीन-चार दिवस तिने मैत्रिणीकडून उसने घेऊन काढले. वर फोन आला, "बाबा, 1480च आलेत."

वीस युरो गेले कुठे? शाखेतला मुलगा म्हणाला, "काका, आम्ही पूर्णच पाठवले." खोटं बोलत नव्हता. एका बँकेने दुसरीला पैशांबरोबर धाडलेल्या स्विफ्ट संदेशाची, म्हणजे MT103 ची प्रत मी मागून घेतली. त्यात 71A या रकान्यात SHA लिहिलं होतं. म्हणजे आपल्या बँकेचं शुल्क आपण भरायचं आणि वाटेतल्या मध्यस्थ बँकेचं पैसे घेणाऱ्याने. ते रकमेतूनच कापलं जातं. तिथे OUR असतं, तर तो खर्च माझ्याकडून आधीच घेतला असता. फॉर्मवर ती चौकट होती, मीच बघितली नव्हती.

माझे सासरे लासलगावला कांदा विकत आलेले. त्यांना हे सांगितलं तर हसले. "भाव काय विचारता? हमाली, तोलाई जाऊन हातात काय पडलं ते विचारा." पुढच्या वेळी मी तेच केलं. तीन ठिकाणी एकच प्रश्न: माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार आणि तिच्या खात्यात किती युरो पडणार?

तिन्ही चौकशा एकाच सकाळी, दहा-पंधरा मिनिटांत उरकल्या, कारण दर दिवसभर हलतो. मोबाइलवर त्या वेळचा बाजारातला खरेदी-विक्रीच्या मधला दर पाहून ठेवला: 102 रुपये. म्हणजे 1500 युरोंची खरी किंमत 1,53,000.

जुन्या बँकेने दर सांगितला 104.55. प्रत्येक युरोमागे 2.55 रुपये वर, एकूण 3,825. हा आकडा पावतीवर कुठेच छापत नाहीत, तो दरातच मुरलेला असतो. शुल्काचे 590, चलन बदलण्यावरचा जीएसटी 231, आणि मागच्यासारखे वीस युरो गळाले तर आणखी 2,040. मिळून 6,686. मी मात्र तीन महिने 590 च धरून बसलो होतो.

दुसऱ्या बँकेचं शुल्क ऐकून आधी उठूनच जाणार होतो: OUR धरून 1,000, वर जीएसटी 180. पण दर 102.90. फरकाचे 1,350, चलनावरचा जीएसटी 229, सगळं मिळून 2,759. आणि तिच्या खात्यात पूर्ण 1500.

तिसरी ऑनलाइन सेवा. शुल्क शून्य, पूर्ण रक्कम पोहोचवण्याची हमी. दर 105.06. हिशोब 4,822 वर गेला.

तरीही शून्यवाल्यांना मी मोडीत काढलं नाही. स्थिर शुल्क रक्कम कितीही असो तेवढंच राहतं, दरातला फरक मात्र रकमेबरोबर वाढतो. दुसरी बँक 1,180 जास्त घेते, पण प्रत्येक युरोमागे 2.16 रुपये वाचवते. भागाकार केला तर साधारण 546 युरो येतात. त्याखाली शून्यवाले स्वस्त, त्यावर दुसरी बँक. मध्ये तिला सायकलसाठी 200 युरो हवे होते, तेव्हा शून्यवाल्यांकडूनच पाठवले. दर बदलले की हा 546 चा आकडाही बदलतो, म्हणून दर वेळी नव्याने काढावा लागतो.

आता भाडं महिन्याला न पाठवता तीन महिन्यांचं एकदम पाठवतो, म्हणजे शुल्क एकदाच लागतं. वर्षभरात 10 लाखांच्या आत राहतो, त्यामुळे टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते त्या कराचा, प्रश्न येत नाही. आणि शुक्रवारी जात नाही. शनिवार-रविवार युरोपातली बँकांची यंत्रणा बंद असते. सोमवारी सकाळी अकराच्या आत फॉर्म देतो. मागच्या खेपेला मंगळवारी संध्याकाळी पैसे जमा झाले.

शाखेतला तो मुलगा परवा म्हणाला, "काका, हल्ली येत नाही?" मी विचारलं, "1500 युरोंना एकूण किती?" तो कॅल्क्युलेटर शोधायला लागला.