लाइन इनपुटमधून पातळ येणारी एलपी आणि आरआयएए समकरण

वडिलांच्या संग्रहातील नाट्यसंगीताच्या एलपी संगणकावर उतरवताना मी प्रथम टर्नटेबल थेट साउंड इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडून पाहिले. आवाज फार क्षीण होता. गेन वाढवल्यावर तो मोठा झाला, पण गायकाचे सकार कानाला टोचू लागले आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक ऐकूच येईना. क्षीणपणाचे कारण सरळ आहे: सुईची हालचाल विजेत बदलणारे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण ५ मिलिव्होल्ट देते आणि लाइन इनपुटला सुमारे ३०० मिलिव्होल्टांची अपेक्षा असते. पातळपणा मात्र गेनने जात नाही, कारण तो खोदणीतच आहे.

असे कार्ट्रिज सुईच्या वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज देते. वेग तोच ठेवायचा, तर ५० हर्ट्झच्या स्वरासाठी सुईला ५०० हर्ट्झच्या दहापट रुंद हेलकावा घ्यावा लागेल. तेवढ्या रुंद खाचा शेजारच्या खाचेत घुसतील, नाहीतर एका बाजूवर फार थोडे संगीत मावेल. म्हणून खोदताना खर्जाचे स्वर दाबतात, आणि पृष्ठभागाची खरखर वरच्या पट्टीत जाणवते म्हणून तेथील स्वर वाढवून खोदतात. १९५४ साली अमेरिकेतील आरआयएए या संघटनेने या फेरफाराचे प्रमाण निश्चित केले. वाजवताना १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ सुमारे १७ डेसिबलने, म्हणजे व्होल्टेजमध्ये सातपट, वाढवायचे आणि १०,००० हर्ट्झ जवळजवळ १४ डेसिबलने उतरवायचे असते. उतरवताना ध्वनीबरोबर खरखरही उतरते. वाजवतानाच्या या दुरुस्तीलाच आरआयएए समकरण म्हणतात. क्षीण आवाज वाढवून हे समकरण करण्याचे काम फोनो प्रीअॅम्प करतो, लाइन इनपुट यातले काहीच करीत नाही. (जुन्या सुटकेस प्लेयरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असे, ते वेगाऐवजी सुईच्या विस्थापनाला प्रतिसाद देते, त्यामुळे फोनो प्रीअॅम्पवाचूनही चालून जाई.)

आधीच केलेले रेकॉर्डिंग वाचवण्यासाठी मी ऑडॅसिटीच्या Filter Curve EQ मधला RIAA प्रीसेट लावला. डग्गा परतला, पण विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही त्याच सातपटीने वाढली. शिवाय वरची पट्टी निस्तेज झाली: मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा भार लागतो, आणि लाइन इनपुटचा भार बहुतेकदा १० किलोओहमच्या आसपास असल्याने कार्ट्रिजच्या वेटोळ्यामुळे उंच स्वर आधीच घटलेले असतात. प्रीसेट त्यांना आणखी उतरवतो.

म्हणून मी फोनो प्रीअॅम्प घेतला, टर्नटेबलची अर्थची तार त्याच्या स्क्रूला जोडली आणि त्याचे आउटपुट लाइन इनपुटला दिले. टर्नटेबलला PHONO/LINE असे बटण असेल, तर बाहेरचा प्रीअॅम्प वापरताना ते PHONO वर ठेवावे. अन्यथा समकरण दोनदा होऊन आवाज घुमा आणि कोंदट येतो. संग्रहातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मी बाजूला ठेवल्या आहेत. त्यांतल्या १९५४ पूर्वीच्या तबकड्यांची खोदणी कंपनीगणिक निराळ्या वक्रांनी झालेली असल्याने त्यांना हे समकरण तसेच लागू पडत नाही.