मधल्या धारेचा वास

तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मोहाच्या दारूत गोड काही घालत नाहीत ना? मग तिला फुलांसारखा गोड वास येतो कुठून?’

साखरेतून येत नाही, एवढं आधी सांगते. साखरेची वाफ होत नाही. फुलं पाण्यात आंबवून झालेलं रसायन उकळायला लागलं की उरलीसुरली साखर हंड्याच्या तळाशीच राहते. वर जातं ते पाणी, अल्कोहोल आणि त्यांच्याबरोबर उडणारी, अगदी कणभर प्रमाणातली काही द्रव्यं. म्हणून गाळलेली मोहाची जिभेला गोड लागत नाही, उष्ण आणि थोडी झणझणीत लागते. गोड असतो तो फक्त वास. पिकलं केळं, मध, मनुका, गुलकंद यांचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो, त्यांतलीच काही तिच्यात असतात. नाकाला ओळख पटते आणि आपण ‘गोड’ म्हणून मोकळे होतो.

मी दिंडोरीच्या बाजूला एका वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि माझं आजोळ सुरगाणा तालुक्यातलं. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. द्राक्षवाल्यांना मोहाबद्दल कुतूहल असतं. आजोळच्या मंडळींना वाटतं, हिला शिकून तरी कळलं असेल. कळलं ते असं, की आजा जे करत होता त्यातलं बहुतेक बरोबर होतं आणि त्याला कारणं आहेत.

सुरुवात फुलापासून. मार्च-एप्रिलमध्ये झाडावर पानं जवळपास नसतात तेव्हा मोह फुलतो. फूल रात्रीचं. अंधारात वटवाघळं येतात, मांसल गोड पाकळ्या खातात, आणि पहाटे उरलेली फुलं टपटप खाली पडतात. आजी आणि मामी उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असायच्या. त्या वेळी झाडाखाली जो वास असतो तो दारूच्या वासापेक्षा वेगळा आहे. त्यात शिजत्या भाताची झाक असते, आणि हे माझं मनचं नाही. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मोहाच्या फुलावर काम झालं, तेव्हा त्यात २-असिटिल-१-पायरोलिन सापडलं. आंबेमोहोर आणि बासमतीला सुवास देणारं द्रव्य तेच. मात्र ते फार अस्थिर आहे, लगेच उडतं. ताज्या फुलाचा वास जसाच्या तसा बाटलीत उतरतो, असं समजू नका.

वाळवताना वास पहिल्यांदा बदलतो. ताज्या फुलात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. कडक उन्हात तीन-चार दिवसांत ते आटतं, दुधाळ पिवळं फूल तांबूस तपकिरी होतं, आणि वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरेचा होतो. रंग बदलतो तेव्हा साखर आणि फुलातली अमिनो आम्लं एकमेकांशी जुळत असतात. मनुका-खजुराचा वास तिथून येतो. आजी मूठभर वाळलेली फुलं नाकाशी धरून निवडायची. मनुकांसारखा वास आला तर कणगीत, पावसाळी कपाटासारखा कोंदट आला तर बाजूला. ओलसर राहिलेल्या फुलांवर पांढरी बुरशी धरते, आणि तो कोंदट वास शेवटच्या थेंबापर्यंत पाठ सोडत नाही. गाळून तो जात नाही, कारण तोही वाफेबरोबरच वर चढतो.

आजा हंडा लावायचा तो वाघबारशीच्या आधी. वाघदेवाला ठेवायला लागायची म्हणून. एकदा त्याने घेतलेली मापं मी नंतर आठवून कागदावर मांडली. पाच किलो वाळलेली फुलं, दोन-तीन पाण्यांत धुतलेली, पंधरा लिटर पाणी, मातीचा रांजण. पाच किलोत साखर साधारण पावणेतीन किलो. एक किलो साखर पूर्ण आंबली तर जास्तीत जास्त ६५० मिलिलिटरच्या आसपास शुद्ध अल्कोहोल मिळतं, म्हणजे इथे पावणेदोन लिटर. प्रत्यक्षात थोडी साखर आंबायची राहते, थोडी दुसरे जंतू खातात. सव्वा लिटर हाती आलं तरी काम चांगलं झालं म्हणायचं. रांजणातल्या रसायनाची ताकद मग आठ-नऊ टक्के भरते, हलक्या वाइनइतकी.

खरा फुलांचा वास तयार होतो या रांजणात, आणि तो करणारं असतं यीस्ट. यीस्ट फुलाच्या पाकळीवर असतं, रांजणाच्या भिंतीत असतं, आणि आजा मागच्या वेळचं तांब्याभर रसायन राखून नव्यात ओतायचा त्यातही असतं. साखरेपासून अल्कोहोल करता करता यीस्ट आणखी दोन कामं करतं. अल्कोहोल आणि आम्लांच्या जोड्या लावून ते एस्टर बनवतं. केळ्याचा वास असतो तो आयसोअमाइल असिटेट नावाच्या एस्टरचा. शिवाय फिनाइलअलॅनिन नावाच्या अमिनो आम्लाचं ते फिनाइल इथेनॉल करतं, आणि त्याचा वास गुलाबाचा. गुलाबाच्या पाकळीतही तेच द्रव्य आहे. म्हणजे मोहाच्या दारूत ‘फूल’ लागतं, त्यातला मोठा वाटा मोहाच्या फुलाचा नसून यीस्टने त्या फुलातून घडवलेला आहे.

इथे थंडावा फार महत्त्वाचा. आमच्याकडे पांढरी वाइन पंधरा-सोळा अंशांवर आंबवतात, ते एस्टर टिकावेत म्हणून. रांजण चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ठेवला तर रसायन दोन-तीन दिवसांत जोरात फसफसतं आणि वर येणारा वायू सुवास सोबत घेऊन जातो. त्यातच व्हिनेगर करणारे जंतू घुसले की आंबट, नाकात झोंबणारा वास सुटतो. वाघबारस येते दिवाळीच्या तोंडावर, तेव्हा सुरगाण्याच्या रात्री गार व्हायला लागलेल्या असतात. आजाचा रांजण घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सहा दिवस बसायचा. तयार झालं का हे बघायला तो झाकणावर कान ठेवायचा. आत बारीक सरसर चालू असली तर अजून एक दिवस. आवाज थांबला की लगेच गाळायचं, कारण तिथून पुढे आंबटपणा वाढतो.

गाळायची मांडणी साधी असते. चुलीवर हंडा, त्यावर बुडाला भोकं पाडलेलं मडकं, मडक्यात लाकडाची खोलगट पळी आणि तिला जोडून बाहेर काढलेली बांबूची नळी. सगळ्यात वर गार पाण्याने भरलेलं गोल बुडाचं पातेलं. फटी ओल्या मातीने लिंपायच्या. वाफ पातेल्याच्या थंड बुडाला लागते, थेंब होतात, पळीत पडतात, नळीतून बाहेर येतात. पातेल्यातलं पाणी तापलं की उपसून दुसरं घालायचं. ते वेळेवर बदललं नाही तर सगळ्यात आधी फळांचा सुवासच निसटतो, कारण तोच सर्वांत हलका. जाळ मोठा केला तर फुलांचा चोथा तळाला करपतो आणि पुढे कितीही केलं तरी दारूला जळकट वास राहतो.

आता ‘पहिल्या धारेची’ या शब्दाबद्दल. लोक तो इतक्या कौतुकाने वापरतात, की सगळा गुण पहिल्या धारेत असतो असंच वाटावं. पहिल्या धारेत जोर असतो. नऊ टक्क्यांच्या रसायनातून सुरुवातीला येणाऱ्या थेंबांत निम्म्याच्या आसपास अल्कोहोल असतं. पण अगदी पहिल्या वाटीभरात इथाइल असिटेट आणि असिटाल्डिहाइड दाटलेलं असतं, म्हणजे नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास. आजा ती वाटी ओतून द्यायचा. त्यानंतर येतात फळांच्या वासाचे एस्टर. आणि गुलाबाच्या वासाचं फिनाइल इथेनॉल तर उशिरा येतं, कारण ते जड आहे, २१९ अंशांच्या आसपास उकळतं आणि पाण्याच्या वाफेबरोबर हळूहळू वर चढतं. जो पहिली धार घेऊन थांबला, त्याच्या वाट्याला गुलाब जवळजवळ येतच नाही. जो लोभाने शेवटपर्यंत गाळत राहिला, त्याला ओल्या पुठ्ठ्यासारखा, आंबूस वास मिळतो. त्या वेळी नळीतून येणारे थेंब गढूळ दिसायला लागतात. आजा त्याच्या थोडं आधी जाळ ओढायचा. पंधरा लिटर पाण्याच्या त्या रसायनातून साडेतीन लिटरच्या आसपास निघायची, सगळी एकत्र करून तीस टक्क्यांची. फूल आणि मध दोन्ही लागायचे ते मधल्या धारेमुळे.

एक गोष्ट मात्र वासावरून कळत नाही, आणि ती मला फार कळकळीने सांगायची आहे. मिथेनॉल. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉलमुळे. ते नाकाने ओळखता येत नाही, आणि पहिली वाटी ओतून दिली की ते गेलं, हेही खरं नाही. हंड्याच्या गाळणीत ते सगळ्या धारांत पसरतं. कुणी फुकट दिलेली, कुठून आली माहीत नसलेली बाटली वासाच्या भरवशावर पिऊ नका. काही हातभट्ट्यांवर रसायन लवकर फसफसावं म्हणून काळा गूळ आणि नवसागर घालतात. तिला मोहाची म्हणतात, पण त्यात फूल नावापुरतंच असतं.

कायद्याचंही विचारता. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मोहफुलांवरही बंधनं होती. फुलं गोळा करण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं २०२१ मध्ये उठली. परवान्याशिवाय गाळणं आजही गुन्हा आहे. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्य म्हणून परवाने दिले, गोव्यात ती बाटलीत भरून विकली जाते. माझ्या टेबलावर वासासाठी येतात त्या अशा परवान्याच्या बाटल्या.

त्या मी कशा तपासते, तर आधी पेल्यात थोडी घेऊन तितकंच पाणी घालते. अल्कोहोलचा झोंब कमी झाला की दबलेला वास वर येतो. मग दोन थेंब तळहातावर घेऊन चोळते आणि मिनिटभर थांबते. आधी अल्कोहोल उडतं, मग केळं आणि फळं. नंतर जे उरतं ते बघायचं. ओला पुठ्ठा किंवा करपट आलं तर गाळणारा शेवटपर्यंत थांबला किंवा जाळ मोठा होता. मध आणि गुलाब आला तर धार वेळेवर तोडली. आजा हातावर चोळून तो तळहात माझ्या नाकाशी धरायचा, आणि मी ‘फूल’ म्हणाले की मगच वाघदेवासाठी तांब्या भरायचा.